हिवाळ्यात बॅटरी लवकर का बसते, आणि 27 डिग्रीचा हिशेब कसा लावायचा

गेल्या जानेवारीत, इकडं सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेची गर्दी चालू होती तेव्हा मामांचा फोन आला. त्यांची नान्नजकडं द्राक्षबाग आहे, घड भरायला लागले की रात्रीची राखण असते आणि शेडवर सोलरची लाइट आहे. म्हणाले, "अरे काय की, पहाटं चारला लाइट जायलालीय. उन्हाळ्यात तर उजाडेपर्यंत चालायची." बॅटरीवाल्याला दाखवली तर त्यानं दोन मिनिटं मीटर लावला आणि सांगितलं सेल गेलेत, जुनी द्या नवी घ्या. मामा नवी घ्यायला निघालेच होते, मी म्हटलं मामा थांबा, दोन दिवस द्या मला.

त्या दोन दिवसांचे पुढं चार दिवस झाले, पण त्यात जे केलं ते इथं ओळीनं लिहितो, कारण हाच प्रॉब्लेम घरच्या इन्व्हर्टरला पण येतो आणि दर हिवाळ्यात कुणी ना कुणी चांगली बॅटरी भंगारात घालतं.

आधी सेटअप सांगतो म्हणजे आकडे कळतील. बॅटरी 12 व्होल्ट 75 एएच, एएच म्हणजे अँपियर गुणिले तास, पाणी घालायची ट्यूब्युलर, तीन वर्षं जुनी. पॅनेल 200 वॅट, साधा चार्ज कंट्रोलर. लोड म्हणजे नऊ वॅटचे चार डीसी बल्ब, एक कॅमेरा आणि राउटर, सगळं मिळून पन्नास वॅट, करंट बघितला तर 4.1 अँपियर. हिवाळ्यात संध्याकाळी सहाला चालू, सकाळी सातला बंद.

आता इथंच एक गोष्ट मामांच्या लक्षात आली नव्हती. उन्हाळ्यात रात्र साधारण 11 तासांची, म्हणजे 45 एएच लागायचे. डिसेंबर-जानेवारीत तीच रात्र 13 तासांची, म्हणजे 53 एएच. थंडीचा विषय निघायच्या आधीच आठ एएच जास्त मागतोय आपण बॅटरीकडं. हे बाजूला लिहून ठेवा, शेवटी लागेल.

लेबल नीट वाचा

बॅटरीवर 75 एएच लिहिलंय म्हणजे कधीही, कशीही 75 मिळतील असं नाही. त्या आकड्याला दोन अटी चिकटलेल्या असतात. एक म्हणजे किती तासांत काढायची. सोलरच्या बॅटरीवर बहुतेक सी10 असतं, म्हणजे दहा तासांत सावकाश काढली तर 75, इन्व्हर्टरच्या बॅटरीवर बहुतेक सी20, म्हणजे वीस तासांत. दुसरी अट म्हणजे टेंपरेचर, आणि ती लेबलवर बारीक अक्षरात असते किंवा नुसती कागदात असते. आपल्याकडच्या बॅटऱ्यांना ते 27 डिग्री धरतात. बाहेरच्या सीलबंद बॅटऱ्यांवर 20 किंवा 25 सापडेल. जे असेल ते वहीत लिहा, पुढच्या सगळ्या हिशेबात 27 च्या जागी तो आकडा घालायचा.

सोलापुरात 27 डिग्री म्हटलं की आपल्याला हसू येतं, मे महिन्यात 27 दिसलंच तर पहाटे. पण जानेवारीत पहाटे रानात 12-13 पर्यंत येतंच, गावात त्यापेक्षा जरा जास्त. म्हणजे बॅटरी जिथं मोजली गेली तिथून दहा-बारा डिग्री खाली आपण ती वापरतोय.

थंडीत नक्की होतं काय

बॅटरीतली शिशाची प्लेट दिसते तशी घट्ट नसते, आतून स्पंजसारखी असते, लाखो बारीक भोकं. करंट काढला की त्या भोकांमधलं ॲसिड वापरलं जातं आणि तिथं पाणचट होत जातं. मग प्लेटच्या बाहेरचं ताजं ॲसिड आत झिरपत यायला पाहिजे. सोलापुरी चादर बादलीत बुडवली की वरचा पदर लगेच भिजतो पण घडीच्या आतपर्यंत पाणी पोचायला वेळ लागतो, तसंच. आता थंडीत ॲसिड दाट होतं, काकवी जशी हिवाळ्यात डब्यातून सावकाश उतरते तशी त्याची हालचाल मंदावते. आतल्या भोकांना पुरवठा कमी पडतो, शिवाय थंडीत प्लेटवर जो सल्फेटचा थर बसतो तो जास्त बारीक दाण्याचा बसतो आणि भोकांची तोंडं लवकर झाकतो. प्लेटच्या पोटात माल शिल्लक असतो पण ॲसिड तिथवर पोचत नाही.

मग व्होल्टेज पडतं. कंट्रोलर किंवा इन्व्हर्टर आत काय शिल्लक आहे हे बघत नाही, तो फक्त व्होल्टेज बघतो, ठरलेल्या आकड्याखाली गेलं की कट.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, थंडीनं कमी झालेले एएच हे गेलेले नसतात, अडकलेले असतात. बॅटरी गरम झाली की ते मिळतात. मी टेस्ट संपल्यावर मुद्दाम लोड काढून तासभर ठेवली तर 10.8 वर आलेली बॅटरी आपोआप 11.8 च्या वर गेली आणि परत लोड लावल्यावर आणखी बारा-तेरा मिनिटं चालली. (मामा म्हणत होते सकाळी नऊला लाइट आपोआप येते, पण त्यात पॅनेलचं चार्जिंग पण असतं, तो पुरावा धरू नका.) दुसरी गोष्ट, करंट जितका जोरात काढाल तितका थंडीचा फटका मोठा, कारण झिरपायला वेळच मिळत नाही.

आणि एक फसवी गोष्ट. नुसती ठेवलेली बॅटरी, लोड नाही, तिचं व्होल्टेज टेंपरेचरनं जवळजवळ बदलत नाही, 10 डिग्रीला सेलमागं दोनेक मिलिव्होल्ट. त्यामुळं लोड न लावता मीटर धरून "12.6 आहे, मस्त आहे" म्हणण्यात काही अर्थ नाही, आणि दुकानदारानं दोन मिनिटांत "गेली" म्हणण्यात पण नाही.

टेंपरेचर मोजा, पण हवेचं नको

मोबाइलवर दिसतं ते हवेचं. आपल्याला ॲसिडचं पाहिजे. तीसेक किलोचं शिसं आणि ॲसिड आहे ते, दुपारी तापलं तर रात्री लगेच गार होत नाही आणि सकाळी लगेच गरम होत नाही. हवा पहाटे सगळ्यात गार असते, बॅटरी त्यानंतर तास-दीड तासानं.

पाणी घालायच्या बॅटरीत मधल्या सेलचं, म्हणजे तिसऱ्या किंवा चौथ्याचं बूच काढून लाल दारूचा काचेचा थर्मामीटर बुडवा, दोन मिनिटं थांबा. कडेचा सेल घेऊ नका, तो बाहेरच्या हवेनं लवकर गार होतो. धातूचा प्रोब ॲसिडात घालायचा नाही. चष्मा घाला, हातमोजे घाला, खायचा सोडा जवळ ठेवा, बिडी-काडी लांब. सीलबंद बॅटरी असेल तर बाजूच्या भिंतीला मध्यावर प्रोब टेपनं चिकटवून वर थर्माकोलचा तुकडा दाबा, अर्ध्या तासानं वाचा, बऱ्यापैकी जवळ येतं.

मामांच्या शेडवर मी सकाळी साडेसहाला पोचलो, स्वेटर घालून. हवा 12, ॲसिड 16.

हायड्रोमीटर पण हिवाळ्यात खोटं बोलतो

बॅटरी किती भरलीय हे बघायला ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे ते पाण्याच्या मानानं किती जड आहे ते, घेतात. आपल्याकडच्या ट्यूब्युलरला फुल चार्जला साधारण 1.240 येते, ती पण 27 डिग्रीला. गार ॲसिड जड असतं, म्हणून तरंगणारा हायड्रोमीटर जास्त आकडा दाखवतो. म्हणजे थंडीत बॅटरी आहे त्यापेक्षा जास्त भरलेली वाटते, नेमकं उलट पाहिजे तेव्हा. दर डिग्रीला 0.0007 इतका फरक धरायचा:

```
SG27 = SGt + 0.0007 × (t − 27)
```

हे सकाळी घेऊन उपयोग नव्हता, तेव्हा बॅटरी खालीच असणार. म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दिवसभर उन्हात चार्ज झाल्यावर, कंट्रोलरवर हिरवी लाइट लागल्यावर, परत गेलो. ॲसिड 19 वर होतं. हायड्रोमीटरनं सगळ्या सेलला 1.222 ते 1.225 दाखवलं. मामा म्हणाले थोडंच तर कमी आहे. 1.223 धरून हिशेब करा: 19 वजा 27 म्हणजे उणे 8, गुणिले 0.0007 म्हणजे उणे 0.0056. खरी ग्रॅव्हिटी 1.217. फुलपेक्षा 23 पॉइंट खाली. या बॅटरीत भरलेली ते रिकामी यात शंभर-एकशेदहा पॉइंटचं अंतर असतं, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा भरलेलाच नाही, आणि कंट्रोलर हिरवी लाइट दाखवून झोपलाय.

सहाही सेल सारखे होते हे महत्त्वाचं. एखादाच सेल तीस-चाळीस पॉइंट मागं असता तर मी पण म्हटलं असतं सेल गेला. सगळे सारखेच कमी असतील तर दोष बॅटरीत नाही, भरणाऱ्यात शोधायचा. (पाणी टाकल्या टाकल्या ग्रॅव्हिटी घेऊ नका, पाणी वर तरंगत राहतं, आकडा चुकीचा कमी येतो.)

चार्जिंग का अपुरं राहिलं

हा भाग मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो कारण चोर इथंच सापडला.

गार बॅटरी करंट द्यायला जशी आळशी तशी घ्यायला पण आळशी. तेवढंच भरायचं तर तिला जास्त व्होल्टेजनं ढकलावं लागतं. ठोकताळा असा की 25 डिग्रीच्या खाली दर डिग्रीला सेलमागं 4 मिलिव्होल्ट वाढवायचे, वर गेलं तर तेवढेच कमी करायचे (कंपनीप्रमाणं 3 ते 5 असतं, कागद असेल तर तो बघा). 12 व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल, म्हणजे डिग्रीमागं 24 मिलिव्होल्ट. चार्जिंगचे आकडे बहुतेक कंट्रोलरमध्ये 25 डिग्री धरून असतात, कपॅसिटीचे 27 धरून, गोंधळू नका. मामांच्या कंट्रोलरचं सेटिंग 14.4 होतं. बॅटरी 19 वर असेल तर पाहिजे 14.4 अधिक सहा गुणिले 0.024, म्हणजे साधारण 14.55.

दुपारी एकला मीटर लावला तर बॅटरीच्या टर्मिनलला 14.1 आणि त्याच्या वर जायचं नावच नाही. आधी वाटलं वायर बारीक आहे, ड्रॉप असेल, म्हणून कंट्रोलरच्या टर्मिनलला पण मोजलं, तिथं पण 14.1. मग कंट्रोलरला हात लावला. तो पत्र्याच्या छपराला अगदी चिकटून, वर खांबावर बसवलेला, चांगला गरम लागत होता, 38 डिग्री निघाले. आणि खाली जमिनीवर, फरशीवर, सावलीत बॅटरी 19 ला.

त्या कंट्रोलरला टेंपरेचर बघून व्होल्टेज बदलायची सोय होतीच, फक्त त्याचा सेन्सर त्याच्या स्वतःच्या पोटात होता. त्याला वाटत होतं बॅटरी 38 ला आहे, म्हणून तो इमानेइतबारे 13 डिग्रीचे 0.31 व्होल्ट कमी करत होता. पाहिजे होते 14.55, मिळत होते 14.1. उन्हाळ्यात पत्रा पण तापलेला आणि बॅटरी पण तापलेली, दोघांत फार फरक नाही, म्हणून तेव्हा चूक दिसली नाही. सोय जर चुकीच्या जागी बसवली तर ती नसण्यापेक्षा वाईट.

घरचा इन्व्हर्टर असेल तर बहुतेकांना ही सोयच नसते, ठरलेलं एकच व्होल्टेज. तो गॅलरीत गार फरशीवर असेल तर हिवाळाभर थोडा थोडा उपाशी राहतो, आणि अर्धवट भरलेल्या प्लेटवर सल्फेट घट्ट होत जातं. थंडीनं अडकलेले एएच उन्हाळ्यात परत मिळतात, हे मात्र मिळत नाहीत.

आता टेस्ट

बॅटरी खरंच म्हातारी झालीय की नाही हे कळायला ती आधी पूर्ण भरली पाहिजे. घरी आणली, चार्जरवर 14.6 ला लावली, आणि शेवटी दर तासाला ग्रॅव्हिटी घेतली. टेंपरेचर लावून दुरुस्त केलेला आकडा सलग तीन वेळा सारखा आला की भरली म्हणायचं. दीड दिवस लागला. आकडा 1.236 ला येऊन थांबला. चला, बऱ्यापैकी.

लोड म्हणून गाडीचा हेडलाइटचा बल्ब आणि एक इंडिकेटरचा बल्ब समांतर जोडले, दोन्ही जुन्या सामानातले. क्लॅम्प मीटरनं करंट बघितला, 6.3 अँपियर सरासरी. क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा पाहिजे, साधा एसीवाला इथं शून्य दाखवेल आणि तुम्ही वायर तपासत बसाल, मी बसलोय एकेकाळी. 75 एएचला 6.3 म्हणजे बारा तासांचा रेट, सी10 च्या जवळ, चालतंय. हॅलोजन बल्बला हात लावू नका, आणि वायरमध्ये फ्यूज टाका.

रात्री नऊला परसात चालू केली. दर तासाला व्होल्टेज, करंट आणि ॲसिडचं टेंपरेचर वहीत. बायको म्हणाली बाळाला पण एवढं रात्री उठून बघितलं नव्हतं, असो. सुरुवातीला ॲसिड 19, सकाळी 15, सगळ्या रीडिंगची सरासरी 17. सकाळी 6 वाजून 10 मिनिटांनी व्होल्टेज 10.8 ला आलं, म्हणजे सेलमागं 1.8, तिथं मी थांबलो. याच्या खाली ओढू नका, टेस्ट करता करता बॅटरी मारायची नाहीये आपल्याला.

9 तास 10 मिनिटं गुणिले 6.3 म्हणजे 57.8 एएच. 75 ला 57.8 म्हणजे 77 टक्के. 80 टक्क्यांच्या खाली गेली की बॅटरी बदलायची असा सगळीकडं चालणारा दंडक आहे, म्हणजे इथं थांबलो असतो तर दुकानदार बरोबर होता.

पण हे 57.8 आहेत 17 डिग्रीचे, आणि 75 आहेत 27 डिग्रीचे. आंबे आणि चिंचा. एकाच टेंपरेचरला आणून मग तुलना:

```
C27 = Ct / (1 + k × (t − 27))
k = 0.006   (3 तासांपेक्षा सावकाश)
k = 0.01    (3 तासांपेक्षा जोरात)
```

17 वजा 27 उणे 10, गुणिले 0.006 म्हणजे उणे 0.06, खाली राहिले 0.94. 57.8 भागिले 0.94 बरोबर 61.5. 75 ला 61.5 म्हणजे 82 टक्के. काठावर आहे, म्हातारी आहे, पण गेलेली नाही. आणखी एक-दोन सीझन निघतील असं मी मामांना सांगितलं.

इथं एक सावधगिरी. हे सूत्र साधारण 10 ते 35 डिग्रीत कामाचं आहे, काश्मीरच्या बर्फात सरळ रेषा चालत नाही, तिथं घसरण जास्त तीव्र होते. आणि जमलं तर टेस्ट अशा दिवशी करा की बॅटरी 20 च्या वर असेल, जितकं 27 च्या जवळ तितकी दुरुस्ती कमी आणि चूक पण कमी. मी पहाटेची घेतली कारण मला मामांचा पहाटेचा प्रॉब्लेम डोळ्यानं बघायचा होता.

मग पहाटे चारला लाइट का गेली

आता सगळा हिशेब एका ओळीत बसतो. बॅटरीची आजची खरी ताकद 27 ला 61.5. पहाटे ॲसिड 15-16 धरलं तर थंडीनं साधारण 7 टक्के, म्हणजे चारेक एएच गेले, राहिले 57. कंट्रोलरनं पाचवा हिस्सा भरलाच नव्हता, त्याचे चौदा-पंधरा गेले, राहिले 42-43. संध्याकाळी सहापासून 4.1 नं ओढलं तर दहा तासात 41. सहा आणि दहा, पहाटेचे चार. मामांचं घड्याळ बरोबर होतं.

बघा, थंडीनं स्वतः खाल्ले चार, आणि थंडीत चार्जिंग चुकल्यामुळं गेले चौदा. आपल्या सोलापूरच्या थंडीत हेच प्रमाण राहणार, थंडी स्वतः फार मोठा घास घेत नाही. घरचा इन्व्हर्टर मात्र जोरात ओढतो, 150 एएचच्या बॅटरीतून 50 अँपियर चाललेत असं धरा, प्रत्यक्षात ती अडीच तासांत बसते, तिथं 0.01 लावायचा, म्हणजे 16 डिग्रीला थेट 11 टक्के. अडीच तास चालणारा इन्व्हर्टर पंधरा-सोळा मिनिटं आधी बंद होतो, तेवढं लगेच जाणवतं.

दुरुस्ती कशी केली

पहिलं काम, कंट्रोलर पत्र्यावरून काढून खाली बॅटरीच्या शेजारी, सावलीत लावला. त्याला बाहेरचा प्रोब लावायची जागा असेल तर उत्तमच, प्रोब बॅटरीच्या बाजूला चिकटवायचा. मामांच्याला ती जागा नव्हती म्हणून आख्खा कंट्रोलरच हलवला, पण बॅटरीच्या वर नाही, बाजूला दोन फुटांवर, कारण चार्जिंगला निघणारा हायड्रोजन वर चढतो आणि रिले-स्विचची ठिणगी तिथं नको. दुसऱ्या दुपारी टर्मिनलला 14.5 दिसले. टेंपरेचरची सोयच नसलेला चार्जर असेल आणि व्होल्टेज हातानं बदलता येत असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी 0.15 ते 0.2 वाढवून ठेवा, आणि मार्चला आठवणीनं खाली आणा. मोबाइलमध्ये अलार्म लावा, कारण तेच व्होल्टेज एप्रिलमध्ये राहिलं तर बॅटरी उकळते, पाणी भराभर संपतं.

दुसरं काम लोडचं. 57 मधून रोज 53 ओढले तर बॅटरी रोज तळाला जाणार, ती सहा महिनेही टिकायची नाही. चार बल्बपैकी तीन रात्री दहानंतर हालचाल दिसली तरच लागतील असे सेन्सरवर टाकले. नऊ तासांचे तीन बल्ब वाचले, म्हणजे वीस एएच, त्यातले चार-पाच सेन्सर लागण्यात जातात. राहिले 37-38. कुत्रं गेलं तरी लागतात, मामांना ते आवडत नाही, पण चालतंय.

तिसरं, बॅटरी फरशीवरून उचलून लाकडी फळीवर ठेवली आणि चारी बाजूंनी थर्माकोल, वरून मोकळी. पहाटेचे 15 चे 17 झाले. यातून मिळतो एखादा एएच, खरं सांगायचं तर फुकट होतं म्हणून केलं. वरून झाकू नका, गॅस कोंडला तर धोका. आणि ॲसिड टाकून ग्रॅव्हिटी वाढवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ॲसिड कुठं गेलेलं नसतं, ते प्लेटमध्ये सल्फेट होऊन बसलेलं असतं, चार्ज केलं की परत येतं. वरून टाकलं तर मीटर खूश होतो आणि प्लेटा लवकर जातात.

नवी घ्यायची वेळ आली तर

मामा तरी विचारलेच, पुढच्या वर्षी घ्यायची तर केवढी. सेन्सर काढून चारही बल्ब रात्रभर पाहिजेत असं धरलं तर 53 एएच. थंडीचा भाग 0.93. रोज साठ टक्क्यांपेक्षा जास्त ओढायची नाही म्हणून 0.6. आणि म्हातारपणी 80 टक्क्यांवर आली तरी पुरली पाहिजे म्हणून 0.8. तिन्ही गुणले तर 0.446, आणि 53 भागिले 0.446 म्हणजे 119. दुकानात 120 मिळाली तर ठीक, नाही तर 150. पण 200 वॅटचं पॅनेल हिवाळ्यात चांगल्या दिवसाला 60 एएचच्या आसपास देतं, आणि भरताना काही वाया जातंच, म्हणजे 53 रोज काढायचे तर पॅनेल पण थोडं वाढवावं लागेल. मोठी बॅटरी आणि तेच पॅनेल घेतलं तर परत तीच उपाशी बॅटरी, फक्त महाग.

उलटा मोह पण होतो, की गरम ठेवली तर जास्त एएच मिळतात तर उन्हातच ठेवू. मिळतात, पण दर 10 डिग्री जास्त टेंपरेचरला आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, आणि आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच 42 असतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात द्राक्षं गेल्यावर गेलो तेव्हा थर्माकोल काढून टाकलं, पाणी भरलं, संध्याकाळी ग्रॅव्हिटी घेतली. ॲसिड 31 ला होतं, हायड्रोमीटर 1.232 दाखवत होता. आता आकडा उलटा, चार डिग्रीचे 0.003 मिळवायचे, 1.235. मामांनी वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं, खाली तारीख टाकली आणि विचारलं, "मग हे तीन पॉइंट उन्हाळ्यात परत मिळाले म्हणायचे का?" म्हटलं मामा, ते मिळालेले नाहीत, मीटर चुकतोय तेवढे.